राजीनाम्याचे पत्र : सौजन्य आणि अधिकार

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात, खराडीत किंवा मगरपट्ट्यात काम करणाऱ्या अभियंत्याला आपल्या नोकरीच्या आयुष्यात स्वतःच्या हाताने लिहावा लागणारा महत्त्वाचा कायदेशीर दस्तऐवज बहुधा एकच असतो. नेमणुकीचा करार कंपनीचे वकील तयार करतात, त्याने केवळ सही करायची असते. पगारपत्रक यंत्र छापते. राजीनाम्याचा ई-मेल मात्र तो स्वतः लिहितो आणि तोही बहुतेक वेळा दहा मिनिटांत, कोठून तरी मिळालेला नमुना समोर ठेवून लिहितो. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, आपल्या मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहे, कामाच्या सुपूर्दगीसाठी सर्व सहकार्य करीन' एवढ्या तीन वाक्यांत पाच-सहा वर्षांच्या श्रमांचा हिशेब मिटवला जातो. या तीन वाक्यांतील प्रत्येक वाक्याला कायद्याच्या दृष्टीने अर्थ आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसते. ते वाचणाऱ्या व्यवस्थापनाच्या मात्र पुरते ध्यानात असते. खरा प्रश्न या विषमतेचा आहे.

सौजन्याला येथे विरोध नाही. ज्या वरिष्ठाने काम शिकवले, अडचणीत पाठीशी उभे राहिले, त्याचे आभार मानणे हा माणुसकीचा भाग आहे, आणि मागे राहणाऱ्या सहकाऱ्याच्या डोक्यावर अर्धवट कामाचा बोजा टाकून न जाणे हा श्रमिकांच्या आपसांतील धर्म आहे. परंतु आभार माणसाचे मानायचे असतात आणि हिशेब संस्थेशी करायचा असतो. हे दोन व्यवहार एकाच पत्रात मिसळले की हिशेब मागे पडतो आणि आभार तेवढे शिल्लक राहतात.

तारीख हा पत्राचा कणा

समजा, पुण्यातील एका कंपनीत सहा वर्षे पूर्ण केलेला अभियंता २ मार्च २०२६ रोजी, सोमवारी, राजीनामा पाठवतो. त्याच्या करारात ९० दिवसांच्या पूर्वसूचनेची अट आहे. त्याने पत्रात 'नियमानुसार पूर्वसूचनेचा काळ पूर्ण करीन' एवढेच लिहिले, तर शेवटचा दिवस कोणता हे ठरविण्याचा अधिकार त्याने दुसऱ्याच्या हाती दिला. राजीनाम्याचा दिवस मोजला तर ९० दिवस ३० मे रोजी भरतात. तो दिवस वगळला तर ३१ मे रोजी भरतात. वरिष्ठाने संगणकावरील प्रणालीत राजीनामा आठवडाभराने 'स्वीकृत' केला आणि मोजणी तेथून सुरू झाली, तर जूनचा पहिला आठवडा उजाडतो. मधल्या काळात घेतलेली रजा पुढे जोडली गेली, तर आणखी काही दिवस जातात. नव्या नोकरीत १ जूनला रुजू होण्याचा शब्द दिलेल्या माणसाला हा आठवडा महाग पडतो. म्हणून पत्रात मोजणीची सुरुवात आणि शेवटचा दिवस, दोन्ही तारखा स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. पत्र अमुक दिवशी दिले, तमुक दिवशी सेवा संपेल, असे सरळ लिहावे.

तारखेला आणखी एक महत्त्व आहे. पुढील तारखेपासून अंमलात येणारा राजीनामा ती तारीख येईपर्यंत मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने गोपालचंद्र मिश्र यांच्या प्रकरणात १९७८ साली मांडले. त्याला अपवाद आहेत. करार किंवा सेवानियम वेगळे सांगत असतील, तर ते पाहावे लागतात. तरीही 'तात्काळ प्रभावाने' हे शब्द लिहिणारा मनुष्य परतीचे दार स्वतःच बंद करतो आणि पुढील तारीख लिहिणारा ते निदान किलकिले ठेवतो. नव्या कंपनीने दिलेले नेमणूकपत्र ऐनवेळी मागे घेतल्याचे किंवा रुजू होण्याची तारीख महिनोन् महिने लांबवल्याचे प्रसंग या व्यवसायात घडतात. अशा वेळी हा फरक घर चालण्या-न चालण्याचा ठरतो.

नव्वद दिवसांची साखळी

नव्वद दिवसांची अट मुळात कोणाच्या सोयीची आहे, हेही तपासले पाहिजे. बाजारात नवी नोकरी देणारा मनुष्य तीस दिवसांत हजर हो म्हणतो आणि जुनी कंपनी नव्वद दिवस सोडत नाही. या कात्रीत सापडलेला अभियंता संधी गमावतो किंवा उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका विकत घेतो. अट दोन्ही बाजूंनी समान असल्याचे करारात लिहिलेले असते. व्यवहारात कंपनीला नको असलेल्या माणसाला पूर्वसूचनेऐवजी पैसे देऊन त्याच दिवशी बाहेर काढता येते. कामगाराने पैसे भरून बाहेर पडावे की नाही, हे मात्र पुष्कळ करारांत व्यवस्थापनाच्या मर्जीवर सोडलेले असते. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याला नव्वद दिवसांची किंमत किरकोळ असते. ज्याच्याजवळ केवळ श्रम आहेत त्याला ती तीन महिन्यांच्या पगाराएवढी असते. समान शब्दांतील असमानता ती हीच.

तथापि, या अटीची कायदेशीर ताकद तिच्या धाकापेक्षा कमी आहे. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पार पाडायला लावत नाही. अभियंत्याला खुर्चीवर बसवून ठेवण्याचा हुकूम मिळत नाही. कंपनीला फार तर नुकसानभरपाई मागता येते. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम ७४ प्रमाणे करारात कितीही मोठी रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा ठरते. याचा अर्थ बंधपत्र म्हणजे कागदाचा तुकडा, असाही कोणी घेऊ नये. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला नव्याने भरतीची खर्चिक प्रक्रिया करावी लागते, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. तेव्हा अटीकडे दुर्लक्ष करून निघून जाणे हा मार्ग नव्हे. तीस दिवसांत सोडायचे असेल तर तशी विनंती राजीनाम्याच्या पत्रातच करावी, सुपूर्दगी तेवढ्या काळात कशी पूर्ण होईल ते दाखवावे, आणि उत्तर लेखी मागावे. तोंडी 'बघू' या शब्दावर कोणीही नव्या कंपनीला तारीख देऊ नये.

सुपूर्दगी : काय द्यायचे, कोठे थांबायचे

'सर्व सहकार्य करीन' हे वाक्य उदार आहे, पण त्याला सीमा नाही. सीमा नसलेले आश्वासन पुढे हत्यार बनते. 'सुपूर्दगी अपुरी आहे' असे कारण दाखवून कार्यमुक्तीपत्र अडवले जाते, आणि ते अडले की नव्या कंपनीतील कागदपत्रांची तपासणी अडते. म्हणून सुपूर्दगी मोजता येईल अशी मांडली पाहिजे.

या व्यवसायात ज्ञानाचा मोठा भाग कागदावर नसतो. कोणते काम रात्री आपोआप चालते, ते फसले तर आधी कोठे पाहायचे, कोणत्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, कोणत्या ग्राहकाची तक्रार कोणत्या जुन्या दुरुस्तीमुळे पुन्हा पुन्हा येते, हे एखाद्याच्या डोक्यात असते. म्हणून पहिले काम यादीचे. आपल्याकडील प्रत्येक प्रणाली, तिचा मालक, तिचे वेळापत्रक आणि तिचे माहीत असलेले दोष एका कागदावर यावेत. दुसरे काम वारसाने पाहण्याचे. जाणारा काम करतो आणि येणारा शेजारी बसून टिपतो. तिसरे काम उलट बसण्याचे. येणारा काम करतो आणि जाणारा हात न लावता पाहतो. पुष्कळ ठिकाणी हा तिसरा टप्पा गाळला जातो आणि सारी फजिती तेथेच होते. शेवटच्या पंधरवड्यातही येणारा प्रत्येक पायरीला विचारत असेल, तर कागद पूर्ण झाला आणि सुपूर्दगी राहिली, असे खुशाल समजावे.

एक चूक तर इतकी सार्वत्रिक आहे की तिचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. घाईच्या दिवसांत एखादे रात्रीचे काम अभियंत्याच्या स्वतःच्या वापरकर्ता-नावाने सुरू केलेले असते. तो कंपनीत असेपर्यंत ते बिनबोभाट चालते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याचे खाते बंद होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाचा अहवाल निघत नाही. मग जाणाऱ्याने घातपात केला, असा संशय निघायलाही वेळ लागत नाही. उपाय साधा आहे. जाण्यापूर्वी दोन आठवडे आपल्या नावावर चालणारी कामे शोधून ती कंपनीच्या सामायिक खात्यावर हलवावीत, आणि आपले खाते एक दिवस बंद ठेवून सर्व चालते का, ते वरिष्ठासमक्ष पाहावे.

आता थांबायचे कोठे? पूर्वसूचनेच्या काळात कामाच्या वेळेत ही सुपूर्दगी होते आणि तिचा पगार मिळतो. सेवा संपल्यानंतर 'एखादा प्रश्न असला तर दोन आठवडे फोनवर सांगेन' एवढे सौजन्य पुरेसे आहे. त्यापुढे जाऊन कोणी जुन्या पासवर्डने कंपनीच्या यंत्रणेत शिरून दुरुस्ती करू नये, मग विनंती खुद्द जुन्या वरिष्ठाने केली असली तरीही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे भरपाईस पात्र ठरते, आणि फोनवरून तोंडी दिलेली परवानगी नंतर कोणालाच आठवत नाही. त्याच कारणासाठी कामाचे कागद, संकेत किंवा ग्राहकांच्या याद्या आपल्या खाजगी पत्त्यावर पाठवू नयेत. राजीनाम्याच्या पत्राची प्रत तेवढी जरूर घ्यावी. त्यात कोणतेच व्यावसायिक गुपित नसते, आणि शेवटच्या दिवशी कचेरीची पत्रपेटी बंद झाली की मूळ पत्र केवळ कंपनीच्याच ताब्यात राहते.

या सर्व गोष्टी ध्यानात घेऊन पत्र लिहायचे म्हटले तर ते पुढीलप्रमाणे लिहिता येते :

'महोदय,

दिनांक २ मार्च २०२६ रोजी मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील ९० दिवसांची पूर्वसूचना उद्यापासून मोजता माझ्या सेवेचा शेवटचा दिवस ३१ मे २०२६ असेल. शक्य असल्यास मला ३० एप्रिल रोजी कार्यमुक्त करावे, ही विनंती. तिचे उत्तर लेखी मिळावे.

माझ्याकडील चार प्रणालींची यादी १३ मार्चपर्यंत देईन. आपण नेमलेल्या सहकाऱ्याला त्यानंतर काम दाखवीन, आणि शेवटचे दोन आठवडे तो काम करील व मी पाहीन. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याची नोंद आपण करावी.

सहा वर्षांत आपण जे शिकवले त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

पगाराची बाकी, शिल्लक रजेचे पैसे, उपदान, कार्यमुक्तीपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीतील सेवासमाप्तीची नोंद मुदतीत व्हावी.'

पत्र लहान आहे, नम्र आहे आणि त्यात आभारही आहेत. परंतु आभार एका माणसाला आहेत, मागण्या संस्थेला आहेत, आणि दोघांची गल्लत नाही. नवी नोकरी कोठे मिळाली, पगार किती वाढला, कंपनीत काय खटकले, यातले एकही वाक्य नाही, कारण कायद्याने ते सांगण्याची गरज नाही.

हिशेबाच्या मुदती

शेवटच्या परिच्छेदातील मागण्या दयेच्या नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. पूर्वीचा वेतन प्रदान कायदा महिना २४,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंतच लागू होता, म्हणून बहुसंख्य अभियंते त्याच्या बाहेर राहत आणि 'पंचेचाळीस दिवसांनी अंतिम हिशेब' ही कंपन्यांची रीत निमूट सोसत. नव्या संहितेत ही मर्यादा नाही. वरील उदाहरणात ३१ मे हा रविवार आहे, तेव्हा २ जूनपर्यंत पैसे खात्यात आले पाहिजेत. चार श्रम संहितांनी कामगारांचे अनेक जुने हक्क बोथट केले, ही टीका रास्त आहे. परंतु जे एक कलम उपयोगी आहे ते वापरायचे नाही, हा शहाणपणा नव्हे.

उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हिशेबही प्रत्येकाने स्वतः करावा. पाच वर्षे सलग सेवा झाली की हक्क निर्माण होतो. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावे आणि आलेली रक्कम पूर्ण वर्षांनी गुणावी. वेतन ५२,००० रुपये असेल तर एका वर्षाचे ३०,००० आणि सहा वर्षांचे १,८०,००० रुपये होतात. ही रक्कम तीस दिवसांत द्यावयाची असते. भविष्यनिर्वाह निधीत सेवासमाप्तीची तारीख कंपनीने नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती नोंद कर्मचाऱ्याला स्वतः करता येते. तेव्हा त्या एका गोष्टीसाठी तरी कोणाच्या दारात उभे राहण्याचे कारण नाही.

जो राजीनामा राजीनामा नसतो

आतापर्यंतचे विवेचन स्वेच्छेच्या राजीनाम्याचे झाले. पण याच पत्राचे दुसरे, काळे रूप आहे. जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्रातील एका अधिकाऱ्याच्या आणि कर्मचाऱ्याच्या संभाषणाची ध्वनिफीत देशभर ऐकली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत राजीनामा दे, नाही तर काढून टाकू, असे त्या कर्मचाऱ्याला सांगण्यात येत होते. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. माफीचे स्वागत झाले, पण पद्धत संपली नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० कर्मचारी, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यानंतर पुण्यातील नाईट्स या माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने पुण्यात मोठ्या संख्येने राजीनामे सक्तीने घेतल्याची तक्रार शासनाकडे केली. कंपनीने हा आरोप नाकारला. तक्रारीतील तथ्य तपासणे हे शासनाचे काम आहे. परंतु राजीनामा मागण्यात कंपनीचा लाभ कोणता, हे समजायला चौकशी समिती लागत नाही.

तो लाभ आकड्यांत पाहावा. वरील अभियंत्याचे काम प्रामुख्याने तांत्रिक असेल, तर हुद्द्यात 'लीड' किंवा 'मॅनेजर' हा शब्द असला तरी तो कायद्याने कामगार ठरू शकतो. प्रत्यक्ष काम काय, हे पाहिले जाते, दारावरची पाटी पाहिली जात नाही. अशा माणसाची छाटणी करायची तर एक महिन्याची सूचना किंवा तिचा पगार, म्हणजे ५२,००० रुपये, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे ढोबळमानाने १,५६,००० रुपये द्यावे लागतात. शिवाय शासनाला कळवावे लागते आणि नव्या संहितेप्रमाणे पुनर्प्रशिक्षण निधीत पंधरा दिवसांचे वेतन भरावे लागते. त्याच माणसाने 'वैयक्तिक कारणास्तव' असे तीन ओळींचे पत्र दिले की हे सारे टळते. उपदान दोन्हीकडे सारखेच, परंतु निदान दोन लाखांवर रक्कम एका वाक्याने वाचते. वर, ही छाटणी कोणत्याही सरकारी आकड्यात दिसत नाही.

येथे आभाराचे वाक्य घातक ठरते. सक्ती झाली हे सिद्ध करण्याचा भार सक्ती सोसणाऱ्यावर असतो, आणि 'आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहे' असे लिहून दिलेल्या माणसाला उद्या 'माझ्यावर दबाव होता' हे पटवून देणे कठीण जाते. म्हणून बंद दाराआड मागितलेला राजीनामा त्याच बैठकीत लिहून देऊ नये. कारण लेखी मागावे. बैठक कोणी, कधी, किती वेळ घेतली याची टिपणी त्याच दिवशी करून ठेवावी. दबावाखाली पत्र गेलेच असेल, तर काही दिवसांच्या आतच 'हा राजीनामा स्वेच्छेचा नाही, तो मागे घेत आहे' असे कळवावे आणि श्रम आयुक्तांकडे तक्रार करावी. सहा महिन्यांनी केलेल्या तक्रारीला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की इतके दिवस गप्प का होता?

१९८९ साली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले, तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे साऱ्या पुण्याने पाहिले. त्या लढ्याचा शेवट कसाही झाला असो, तो लपून झाला नाही. आजच्या अभियंत्याची छाटणी रस्त्यावर दिसत नाही, कारण ती त्याच्याच नावाने, त्याच्याच पत्रपेटीतून, आभारासहित पाठवली जाते. या अदृश्यतेवर उपाय व्यक्तीच्या सावधपणात अर्धाच आहे. उरलेला अर्धा कायद्यात आणि संघटनेत आहे. पूर्वसूचनेची मुदत तीस दिवसांपेक्षा जास्त नसावी आणि ती पैसे भरून संपविण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना सारखाच असावा. एका महिन्यात ठराविक प्रमाणापेक्षा अधिक राजीनामे आलेल्या कंपनीने त्यांचा तपशील श्रम आयुक्तांना कळवावा, आणि आयुक्तांनी राजीनामा देणाऱ्यांपैकी काहींना स्वतंत्रपणे बोलावून विचारावे. तसे झाले तर स्वेच्छेने जाणाऱ्याला आभार मानायला कोणी रोखणार नाही, आणि ज्याला ढकलून काढले त्याच्याकडून आभार लिहून घेण्याची सोय कोणाला राहणार नाही.